इंजिनियर, दारूवाला, भरुचा: पारशी आडनावं कायमची कधी झाली?

मंजिरी_ठाणे

पारशी आडनावांच्या गमतीदार याद्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. कॉन्ट्रॅक्टर, मर्चंट, पेमास्टर, बाटलीवाला वगैरे. मला यादी नकोय, कृपया. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

धंद्यावरून नाव पडणं समजतं. गावावरून पडणंही समजतं, आपल्याकडे ‘कर’ लावून आपण तेच करतो. पण धंदा बदलल्यावर नाव का बदललं नाही? एखादा माणूस इंजिनावर काम करतो म्हणून लोक त्याला इंजिनियर म्हणाले. त्याचा मुलगा शिक्षक झाला, तर तो ‘मास्तर’ न होता ‘इंजिनियर’च का राहिला? पडलेलं नाव आडनाव होतं, तो नेमका क्षण कोणता? आणि हे सगळं कोणत्या काळात घडलं? कुणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा.

विक्रांत_नाशिक

सोपं आहे. पारशांना मुळात आडनावंच नव्हती. १८५७ नंतर इंग्रजांनी कायदा केला की प्रत्येकाने आडनाव घेतलंच पाहिजे. तेव्हा ज्याचा जो धंदा होता, तो त्याने लिहून दिला. म्हणून इंजिनियर, डॉक्टर, सॉलिसिटर अशी इंग्रजी आडनावं दिसतात.

पेन्शनर_सातारकर

आमच्याच घरातलं सांगतो. आजोबा सरकारी दप्तरात कुलकर्णी लावत, त्यांचे सख्खे धाकटे बंधू गावाचं नाव लावत. आज दोन्ही शाखांची आडनावं वेगळी आहेत, आणि नव्या पिढीला आपण भाऊबंद आहोत हेसुद्धा ठाऊक नाही. पारशांचं निराळं काय असणार?

बाकी सातारावाला हे पारशी आडनाव आहे बरं का. गोव्याचे नायब राज्यपाल राहिलेले के. टी. सातारावाला आठवतात. आमच्या साताऱ्याचं नाव असं कुणी मिरवलं की बरं वाटतं.

कागदपत्रे

विक्रांत, पहिलं वाक्य बरंचसं बरोबर आहे, दुसरं नाही. सर्व पारशांना आडनाव घ्यायला लावणारा कायदा झाला नाही. पारशांसाठी १८६५ साली दोन कायदे झाले, एक लग्न-घटस्फोटाचा आणि दुसरा वारसाहक्काचा. लग्नाच्या दाखल्याचा नमुना पहिल्या कायद्याला जोडलेला आहे. त्यात वधूवरांची नावं, वय, राहण्याचं ठिकाण, वडिलांचं नाव आणि ‘हुद्दा किंवा धंदा’ हे रकाने आहेत. आडनाव घ्या अशी सक्ती त्यात नाही. पण नावाच्या जवळच धंद्याचा रकाना आला, हे मात्र लक्षात ठेवण्याजोगं.

मंजिरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका घराण्यात अगदी स्वच्छ दिसतं. दादाभाई नौरोजींचं घराणं घ्या.

जुनी पद्धत अशी होती की स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं नाव, संपलं. दादाभाईंच्या वडिलांचं नाव नौरोजी पालनजी. म्हणजे नौरोजी हा पालनजींचा मुलगा. घराण्याला दोरडी असं नाव होतं. नवसारीकडचं हे पुरोहित घराणं. पण दादाभाईंनी दोरडी कधी लावलं नाही. ते दादाभाई नौरोजी झाले, म्हणजे नौरोजींचा मुलगा दादाभाई. इथपर्यंत सगळं जुन्या रीतीप्रमाणे चाललं आहे.

याच रीतीने दादाभाईंचे चिरंजीव अर्देशीर दादाभाई झाले असते आणि नात खुर्शेद अर्देशीर झाली असती. प्रत्येक पिढीला दुसरं नाव बदललं असतं. पण स्वातंत्र्यलढ्यात काम केलेली ही नात आपल्याला माहीत आहे ती खुर्शेदबेन नौरोजी म्हणून. म्हणजे पणजोबांचं नाव तिचं आडनाव झालं. नौरोजी हे नाव दादाभाईंच्या पिढीत थांबलं आणि तिथेच पक्कं झालं.

कारणही दिसतं. दादाभाई १८५५ साली व्यापारासाठी इंग्लंडला गेले. तिथे माणसाला शेवटच्या नावाने हाक मारतात. ते मिस्टर दादाभाई झाले नाहीत, मिस्टर नौरोजी झाले. १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी ब्रिटिश संसदेवर निवडून आले, तेव्हा लोकांनी नौरोजीचं ‘नॅरो-मेजॉरिटी’ करून टाकलं. इंग्रजांच्या कानाला ते आडनावच होतं. जगभर एकदा असं नाव झालं की पुढची पिढी ते सोडून वडिलांचं नाव कशाला लावेल?

मंजिरी_ठाणे

हे फार छान उलगडलंत. म्हणजे आडनाव पक्कं होण्याची खूण ही, की नातवाने आजोबांच्या जागी वडिलांचं नाव लावायला नकार दिला.

पण हे झालं वडिलांच्या नावाचं. इंजिनियर आणि दारूवाला यांचं काय?

कागदपत्रे

तिथेही खूण तीच. धंदा आणि नाव यांची फारकत झाली की आडनाव तयार झालं. यष्टिरक्षक फारुख इंजिनियर यांचे वडील डॉक्टर होते. तुमच्या कल्पनेतल्या रीतीने त्यांचं घराणं ‘डॉक्टर’ व्हायला हवं होतं. डॉक्टर हे आडनावसुद्धा पारशांत आहेच. तरी ते इंजिनियर राहिले आणि मुलगा क्रिकेटपटू झाल्यावरही इंजिनियरच राहिला. म्हणजे त्या घरात हे नाव त्याआधीच्या कुठल्यातरी पिढीत पक्कं झालं होतं.

काळाचा अंदाजही अशा नावांमधूनच येतो. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. गिरणी म्हणजे बॉयलर आला, वाफेचं इंजिन आलं आणि ते सांभाळणारा माणूस आला. ‘इंजिनियर’ हे नाव या वाफेच्या काळाच्या फार आधीचं असू शकत नाही. उलट वाडिया बघा. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले ते जहाजं बांधायला, आणि तो धंदा पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात राहिला. तिथे नाव आणि काम दीर्घकाळ बरोबर चाललं, म्हणून नाव कधी पक्कं झालं हे सांगणं अवघड जातं. इंजिनियर, सॉलिसिटर यांच्या बाबतीत ते सोपं आहे, कारण पुढच्याच पिढीत काम बदललं.

आणि हो, इंजिनियर हे फक्त पारशी आडनाव नाही. असगर अली इंजिनियर बोहरा होते. ‘वाला’ आणि इंग्रजी हुद्द्यांची आडनावं मुंबई-गुजरातच्या गुजराती बोलणाऱ्या सगळ्याच व्यापारी समाजांत आहेत. आडनावावरून लगेच पारशी ठरवू नये.

फ्रेनी_दादर

नमस्कार. मी पारशी, शाळा मराठी मैत्रिणींबरोबर झाली, म्हणून इथे वाचत असते. आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

कागदपत्रे यांनी जे लिहिलंय त्यात एक गोष्ट मला घालायची आहे. आमच्या धर्मात आडनाव आजही नाही. माझ्या ममावाजींचं, म्हणजे आईच्या वडिलांचं, सरकारी कागदावरचं आडनाव कॉन्ट्रॅक्टर होतं. पण अगियारीत त्यांच्या बाजाच्या, म्हणजे पुण्यतिथीच्या प्रार्थनेच्या, दिवशी दस्तूरजी कॉन्ट्रॅक्टर म्हणत नाहीत. ते ‘बेहदीन’ म्हणतात, मग त्यांचं नाव, मग पुन्हा ‘बेहदीन’ आणि त्यांच्या वडिलांचं नाव. आम्ही पुरोहित घराण्यातले नाही म्हणून बेहदीन. पुरोहित झालेला असेल तर एरवद म्हणतात. पुरोहित घराण्यातला पण स्वतः दीक्षा न घेतलेला असेल तर ओस्ता. बस. धंदा काय, गाव कुठलं, देवाला त्याची गरज लागत नाही.

म्हणून कुणी म्हणतं ना की पारशांची जुनी नावं इंग्रजांमुळे गेली, तर माझं म्हणणं आहे की गेली नाहीत. ती प्रार्थनेत जशीच्या तशी आहेत. आडनाव बाहेरच्या जगासाठी आलं.

आणि पेन्शनरकाका, तुमच्या घरासारखंच आमच्याकडे झालं. ममावाजी कॉन्ट्रॅक्टर आणि त्यांचे सख्खे भाऊ भरुचा. एकाने बांधकामाची कंत्राटं घेतली, दुसरे बँकेत नोकरीला लागले आणि त्यांनी जुनं गावाचं नाव ठेवलं. दोघांच्या पोरांची आडनावं वेगळी, पण मुक्तादमध्ये, म्हणजे गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवसांत, फुलदाण्या एकाच टेबलावर आणि घरातल्या गेलेल्यांच्या नावांची यादी एकच.

पेन्शनर_सातारकर

फ्रेनीताई, फार चांगलं लिहिलंत, मराठीची काळजी करू नका. संकल्प सांगताना आम्हीसुद्धा गोत्र आणि नाव सांगतो, आडनाव कुठे सांगतो?

दादरच्या पारशी कॉलनीचे संस्थापक जोशी होते असं ऐकलंय. ते ब्राह्मण होते का? पारशांसाठी वसाहत त्यांनी कशी काय काढली?

फ्रेनी_दादर

नाही काका, मंचेरजी एदलजी जोशी पारशीच होते. फाइव्ह गार्डन्सजवळ त्यांचा पुतळा आहे. जोशी, देसाई, पटेल, मेहता, मोदी, कोतवाल ही सगळी आमच्यातही आहेत. जे काम करायचे ते नाव पडलं, त्यात धर्माचा संबंध नाही.

कागदपत्रे

पटेलचं उदाहरण चांगलं आहे, कारण ते हुद्द्यावरून आलं आणि त्याची गोष्ट मुंबईकर पारशी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. १६९२ च्या सुमारास मुंबईत साथ पसरलेली असताना जंजिऱ्याच्या सिद्दीने हल्ला केला. तेव्हा रुस्तम दोराबजी यांनी कोळ्यांना एकत्र करून त्याला परतवलं आणि इंग्रजांनी त्यांना कोळ्यांची पाटीलकी दिली. त्यांच्या वंशात पटेल हे नाव त्या मानाबरोबर चाललं.

विक्रांत_नाशिक

ठीक आहे, कायदा नव्हता हे मान्य. पण इतक्या लोकांची नावं साधारण एकाच शतकात पक्की झाली, याला काहीतरी सरकारी कारण असणारच. हे आपोआप होत नाही.

कागदपत्रे

सरकारी कारण होतंच, फक्त ते हुकमाच्या रूपाने आलं नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. अशा यादीत नाव एकदा तीन भागांत गेलं, स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, की पदवी, सनद आणि नोकरी त्याच नावावर येतात. मग ते बदलणं महागात पडतं. मालमत्तेचे कागद, बँक, मृत्युपत्र, सगळीकडे तेच.

आणि एका घराण्यापुरता खराखुरा कायदासुद्धा झाला, तो फार बोलका आहे. सर जमशेटजी जीजीभाईंना १८५७ साली बॅरोनेटची पदवी मिळाली. त्यांचे मामा, जे पुढे सासरेही झाले, ते फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला. त्यांच्या हाताखाली काम करताना जमशेटजींनाही लोक बाटलीवाला म्हणत. ते नाव टिकलं असतं तर ‘जे. जे.’ ऐवजी आपण भलतंच काही म्हणत असतो. जमशेटजींनी वडिलांचं नाव लावलं, जीजीभाई.

जमशेटजी गेल्यावर अडचण आली. पदवी वडिलांकडून मुलाकडे जाणार, पण पारशी रीतीने मुलाचं नाव कर्सेटजी जमशेटजी. म्हणजे पदवीबरोबर चालणारं घराण्याचं नावच नाही. म्हणून १८६० साली खास कायदा करून ठरवलं की पदवी ज्याच्याकडे येईल त्याने ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच नाव घ्यायचं. कर्सेटजींनी ते घेतलं आणि त्यांच्यानंतरच्यांनीही. आडनावच नाही, तर आख्खं नाव गोठवलं. इंग्रजी वारसापद्धत आणि पारशी नावाची पद्धत एकमेकींवर कशा अडकल्या, ते इथे दिसतं.

खानदेशी_कपाशी

दारूवाला राहिलंच की. आणि जिनवाला? तेही दारूचं ना?

कागदपत्रे

जिनवाल्याचं उत्तर तुमच्याकडेच असायला हवं. खानदेशात जिन कशाला म्हणतात?

खानदेशी_कपाशी

सरकी काढायच्या कारखान्याला! हे लक्षातच आलं नाही. आमच्या गावात ‘जुनी जिन’ नावाचा स्टॉपच आहे.

कागदपत्रे

भरूच-सुरत हा कापसाचाच मुलूख, त्यामुळे जिनवाला बहुधा तिकडचा. एखादं घराणं खरंच जिन विकणारं असेलही, घराण्याच्या कागदांशिवाय ठरवता येत नाही.

दारूवाल्याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे नाव धंद्याला चिकटलं त्यामागे मोठा इतिहास आहे. दक्षिण गुजरात आणि जुन्या ठाणे जिल्ह्यात मोहाची दारू आणि ताडी यांच्या व्यापारात पारशी फार मोठ्या प्रमाणात होते. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने घरोघरी गाळण्यावर बंधनं आली, गाळप ठरावीक भट्ट्यांत गेलं आणि विक्रीचे ठेके दिले जाऊ लागले. ज्याच्याकडे भांडवल होतं त्याला ठेका मिळाला. दारूवाला, ताडीवाला, पिठावाला ही नावं या मुलखात आणि या व्यापारात अगदी चपखल बसतात. पिठा म्हणजे दारूचं दुकान, जुन्या मुंबईकरांना सांगायला नको.

विक्रांत_नाशिक

माझे आजोबा डहाणूकडे शाळामास्तर होते. ते ‘पारश्याच्या गुत्त्या’बद्दल फार कडवटपणे बोलत. वारली माणूस उधारीत दारू प्यायचा, उधारी चढायची आणि जमीन जायची. हे लिहायला नको वाटतं, पण दारूवाला म्हटलं की मला ते आठवतं.

फ्रेनी_दादर

विक्रांत, लिहायला हवं. आमच्यातल्या जुन्या लोकांना हे माहीत आहे. १९२२ साली दक्षिण गुजरातमध्ये आदिवासींची देवीची चळवळ झाली. त्यांनी दारू सोडली आणि पारशी दारूवाल्यांवर बहिष्कार टाकला. पुष्कळांचा धंदा बसला. हे आमच्या इतिहासातलं आहे, ते लपवून चालणार नाही.

पण दारूवाला आडनावाच्या प्रत्येकाकडे असं बघू नका. कवी केकी दारूवाला भारतीय पोलीस सेवेत होते, जन्म लाहोरचा. त्यांच्या कवितेत आणि नोकरीत त्या दुकानाचं काय उरलं होतं? नावच फक्त.

मंजिरी_ठाणे

मग दारूबंदी आली तेव्हा लोकांनी नाव का बदललं नाही? मुंबई राज्यात १९५० पासून संपूर्ण दारूबंदी होती. तेव्हा तर हे नाव अडचणीचं झालं असणार.

कागदपत्रे

कारण तोवर ते पक्कं होऊन गेलं होतं. १९५० साली दारूवाला आडनावाचा माणूस वकील असेल, रेल्वेत असेल, शाळेत शिकवत असेल. त्याच्या पदव्या, भाडेपावती, लग्नाचा दाखला सगळं दारूवाला नावावर. धंदा बेकायदा झाला म्हणून नाव पुसलं जात नाही. काहींनी बदललं असेलच, पण पुष्कळांनी बदललं नाही, हे तर आज दिसतंच आहे.

एक सावधगिरी. ‘दारू’ म्हणजे बंदुकीची दारूसुद्धा. आपल्याकडे दारूगोळा, दारूखाना आहेच. काही दारूवाला घराण्यांचा मूळ धंदा फटाके किंवा बंदुकीच्या दारूचा असू शकतो. नुसत्या नावावरून सांगता येत नाही.

सानिका_टोरांटो

थोडा वेगळा प्रश्न, पण इथेच विचारते. माझ्या नवऱ्याची आजी पारशी होती, मूळची पुण्याची. आम्हाला तिच्या माहेरचं घराणं शोधायचंय. एका कागदावर बिलिमोरिया आहे, एकावर पूनावाला आणि एका जुन्या पत्रावर नुसतं तिचं आणि वडिलांचं नाव. ही तीन वेगळी माणसं आहेत का?

कागदपत्रे

वेगळी असायलाच हवीत असं नाही. गावाचं नाव गाव सोडल्यावरच पडतं. बिलिमोऱ्यात राहणाऱ्याला कुणी बिलिमोरिया म्हणत नाही. तो पुण्याला आला की बिलिमोरिया होतो आणि पुण्याहून पुढे मुंबईला गेला की तिथे त्याला पूनावाला म्हणतात. एकाच घराण्याची दोन मुक्कामांची नावं म्हणजे दोन आडनावं. तुमच्याकडे असंच झालेलं असू शकतं.

शोधताना आडनावापासून सुरुवात करू नका. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव ही जोडी धरा, कारण तीच सगळ्यात टिकाऊ. तिसरा कागद तुम्हाला कमी माहितीचा वाटत असेल, पण बाकीचे दोन जुळवायला तोच उपयोगी आहे. रोमन लिपीतल्या स्पेलिंगवर विसंबू नका, गुजरातीत नाव कसं लिहिलंय ते बघा. एकच बाटलीवाला इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलेला सापडतो.

फ्रेनी_दादर

सानिका, घरात नामावलीची वही आहे का बघ. प्रार्थनेत घ्यायची गेलेल्यांची नावं त्यात असतात, पिढी मागे पिढी. काही गावांच्या दिसापोथ्या असतात, त्यात नाव आणि मृत्यूचा रोज-माह, म्हणजे दिवस आणि महिना, लिहिलेला असतो. दोन्ही गुजरातीत. तारीख जुळवताना घर शहेनशाही पंचांग पाळणारं की कदमी ते आधी विचार. रोज आणि माह यांची नावं दोन्हीकडे तीच आहेत, पण हिशोबात एक महिन्याचा फरक पडतो. तारीख बरोबर तीस दिवसांनी चुकत असेल तर माणूस चुकलेला नसतो, पंचांग वेगळं असतं.

सानिका_टोरांटो

वही आहे! सासूबाईंकडे एक लाल कापडात बांधलेली आहे, आम्हाला ती प्रार्थनेची पोथी वाटत होती. गुजराती वाचणारं कुणी नाही इथे. फोटो पाठवले तर मदत कराल?

फ्रेनी_दादर

पाठव, मी वाचून देते. इथे टाकू नकोस, व्यक्तिगत निरोपात पाठव. घरच्यांची नावं आहेत.

पेन्शनर_सातारकर

माझा एक प्रश्न राहिला. पॉली उम्रीगर आमच्या लहानपणीचे हिरो, जन्म सोलापूरचा. उम्रीगर म्हणजे उंबरगावचे ना?

कागदपत्रे

उंबरगावचे असं पुष्कळजण म्हणतात. सुरतेजवळ उमरा नावाचंही गाव आहे आणि त्यावरून आलं असं मानणारेही आहेत. मला दुसरं जास्त पटतं, पण पैज लावणार नाही.

त्यातच आणखी एक गुंता सांगून ठेवतो. भरुचा आणि खंबाता ही गावाची नावं तर आहेतच, पण पुरोहितांच्या जुन्या पाच पंथांपैकी दोन पंथांचीही आहेत. बाकीचे तीन संजाणा, भगरिया आणि गोदावरा. म्हणजे एखादा भरुचा सामान्य व्यापारी घराण्यातला असेल, दुसरा पुरोहितांच्या भरुचा पंथातला. फ्रेनी, तुमचे भरुचा कुठले?

फ्रेनी_दादर

आमच्या यादीत सगळे बेहदीन आहेत, म्हणजे पुरोहित नव्हेत. पण सगळ्यात वरच्या दोन नावांपुढे ओस्ता लिहिलंय. ते का, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. वहीची उतरण करणाऱ्याने चूक केली असेल, की काही पिढ्यांनी पुरोहिती सोडल्यावर कुणीतरी बेहदीन लिहायला लागलं? असं होतं का?

कागदपत्रे

पुरोहिती सुटलेली घराणी पुष्कळ आहेत. पण घराणं पुरोहिताचं असेल तर दीक्षा न घेतलेल्यापुढे ओस्ता राहायला हवं, बेहदीन नाही. त्या दोन नावांचं हस्ताक्षर बाकीच्या यादीसारखंच आहे का, तेवढं आधी बघा.